गॉगल डोळ्यावर, कपाळावर नाही

कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरा, दाराशेजारी एक फ्रेम बहुधा दिसतेच. वर ‘प्रयोगशाळेतील सुरक्षिततेचे नियम’ असं ठळक शीर्षक आणि खाली बारीक अक्षरात तीस-पस्तीस कलमं. त्यातलं एक कलम साधारण असं असतं: ‘प्रयोगशाळेत कार्यरत असताना विद्यार्थ्यांनी डोळ्यांच्या संरक्षणार्थ योग्य त्या साधनांचा वापर करणे अनिवार्य आहे.’ वाक्यात चूक काहीच नाही. पण त्याच वेळी पलीकडच्या टेबलावर एक मुलगी ब्युरेटवरचं माप वाचायला वाकलेली असते आणि माप नीट दिसावं म्हणून तिने गॉगल कपाळावर सरकवलेला असतो. तिला विचारलं तर ती म्हणेल, गॉगल आहे ना माझ्याकडे. कलमाच्या भाषेत पाहिलं तर तिचं म्हणणं खरंच आहे.

तेच कलम फलकावर असं लिहून बघा: ‘गॉगल डोळ्यावर, कपाळावर नाही.’ शब्द कमी झाले, पण फरक तेवढाच नाही. मूळ कलमाने फक्त अपेक्षा सांगितली होती. नव्या ओळीने मुलं नेमकी कुठे चुकतात ते पकडलं. ही ओळ वाचून हात आपोआप कपाळाकडे जातो. लांबलचक सुरक्षा-नियमावलीचा छोटा फलक करायचा म्हणजे काय, याचं उत्तर या एका ओळीत आहे. प्रत्यक्ष टेबलापाशी चूक कशी होते, हे माहीत असल्याशिवाय नियम आखूड करता येत नाही.

नियमावली लांब असते याबद्दल माझी तक्रार नाही. ती लांबच असली पाहिजे. रसायनं कुठे ठेवायची, गॅसची नळी कधी बदलायची, आग विझवण्याचं यंत्र कधी तपासायचं, कोणता कचरा कोणत्या डब्यात, हे सगळं कुठेतरी लिहिलेलं हवं. ते खुर्चीत बसून, सवडीने वाचायचं असतं. फलक वाचणारा मुलगा मात्र उभा असतो. एका हातात परीक्षानळी, दुसऱ्या हातात होल्डर, समोर बर्नर पेटलेला आणि तास संपायला थोडाच वेळ उरलेला. तो भिंतीकडे बघणार ते दोन-तीन सेकंद. नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञाने २००१ साली मांडलेला अंदाज असा की, माणूस एका वेळी मनात साधारण चारच गोष्टी धरून ठेवू शकतो. पस्तीस कलमांपैकी चार कोणती, हे त्या मुलाने ऐनवेळी ठरवावं अशी अपेक्षा करता येत नाही. ती निवड आपण आधीच करून द्यायची.

म्हणून पहिलं काम कात्री चालवण्याचं नसून वाटणीचं आहे. नियमावलीतलं प्रत्येक कलम घ्यायचं आणि विचारायचं, हे कोणाचं काम आहे आणि ते कोणत्या क्षणी करायचं आहे? ‘धूर खेचून घेणाऱ्या कपाटाचा पंखा चालू असल्याची खात्री करावी’ हे लॅब असिस्टंटचं काम, तास सुरू होण्याआधीचं. ते असिस्टंटच्या यादीत जावं, मुलांच्या फलकावर नको. ‘ब्रोमिन वॉटरची बाटली उघडी ठेवू नये’ ही सूचना त्या बाटलीवर चिकटवावी, कारण ती लागते तेव्हा बाटली हातातच असते. एखाद्याच प्रयोगापुरती असलेली काळजी जर्नलमध्ये त्या प्रयोगाच्या पानावर, कृतीच्या नेमक्या त्या पायरीपाशी यावी. ही वाटणी प्रामाणिकपणे केली की, फलकासाठी सात-आठ कलमंच उरतात. बाकीची गाळली असं होत नाही, त्यांना त्यांची जागा मिळते. कोणतं कलम कुठे गेलं याची नोंद मात्र फाइलमध्ये ठेवायला हवी, नाहीतर काही कलमं कुठेच न जाता हरवतात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे रसायनशास्त्रातला सर्वांत प्रसिद्ध नियम: ॲसिडमध्ये पाणी ओतू नये, पाण्यात ॲसिड ओतावं. तो बहुतेक फलकांवर असतो आणि बहुतेक मुलांना पाठही असतो. कारण समजून घेतलं की त्याचं महत्त्व पटतं. तीव्र सल्फ्युरिक ॲसिड पाण्याच्या जवळजवळ पावणेदोन पटींहून जड असतं, घनता १.८४. वरून पाणी ओतलं तर ते खाली न मिसळता ॲसिडवर तरंगतं. जिथे दोघं भेटतात तिथे प्रचंड उष्णता निर्माण होते. ॲसिड स्वतः ३०० अंश सेल्सियसच्या वर उकळतं, पण पाणी १०० अंशालाच. तो पाण्याचा पातळ थर क्षणात उकळतो आणि वाफेबरोबर ॲसिडचे थेंब बाहेर फेकतो. उलट भरपूर पाण्यात ॲसिड हळूहळू सोडलं तर ते खाली जाताना मिसळतं आणि निर्माण झालेली उष्णता सगळं पाणी मिळून पोटात घेतं.

आता प्रश्न असा की, बारावीचा विद्यार्थी तीव्र ॲसिड विरल करतो कधी? सहसा करतच नाही. डायल्यूट सल्फ्युरिकच्या बाटल्या असिस्टंट आतल्या खोलीत आधीच भरून ठेवतात. मग हा नियम त्या आतल्या खोलीत, ओट्याच्या वर लागला पाहिजे. पण म्हणून मुलांना हा धोका नाही असं समजू नका. तो त्यांना भलत्याच ठिकाणी गाठतो. सॉल्ट ॲनालिसिसमध्ये चिमूटभर क्षार परीक्षानळीत घेऊन त्यावर तीव्र सल्फ्युरिकचे थेंब टाकतात आणि नळी तापवतात. कोणता वायू निघतो ते बघून क्लोराइड आहे की नायट्रेट, याचा अंदाज बांधायचा. वायू दिसला, निरीक्षण लिहून झालं. पुढच्या चाचणीसाठी नळी हवी, म्हणून मुलगा ती तशीच गरम घेऊन सिंकपाशी जातो आणि नळ सोडतो. नियम त्याला तोंडपाठ आहे, तरी त्याने गरम ॲसिडमध्ये पाणी ओतलेलंच आहे. फक्त आपण ‘ओततोय’ हे त्याच्या लक्षात आलेलं नाही, कारण त्याच्या लेखी तो नळी धुतोय. तडतड आवाज होऊन नळीतून थेंब उडतात तेव्हा त्याचा चेहरा नेमका सिंकवर झुकलेला असतो.

त्यामुळे मुलांच्या फलकावर हा नियम वेगळ्या रूपात आणि वेगळ्या जागी यायला हवा. तो सिंकच्या वर लिहावा: ‘ॲसिडची नळी आधी थंड. मग पाण्याच्या बादलीत रिकामी.’ आणि सिंकशेजारी पाण्याने अर्धी भरलेली प्लास्टिकची बादली खरोखर ठेवलेली असावी. थंड झालेल्या नळीतलं थोडंसं ॲसिड बादलीभर पाण्यात सोडलं की पाण्यात ॲसिड हा क्रम आपोआप पाळला जातो, कोणाला काही आठवावं लागत नाही.

या नियमाचं नकारार्थी रूप टाळण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ‘ॲसिडवर पाणी नको’ एवढंच मुलाच्या डोक्यात बसलं तर हातावर ॲसिड सांडल्यावर तो नळाखाली हात धरायला कचरतो. तिथे तर वाहतं भरपूर पाणी ताबडतोब हवं असतं. जोराचा प्रवाह ॲसिड आणि उष्णता दोन्ही वाहून नेतो, आणि उशीर झालेल्या प्रत्येक सेकंदाला कातडी भाजत जाते. भांड्यासाठी केलेला नियम असा शरीराला लागू होऊ शकतो. आखूड वाक्याचा हाच धोका असतो. त्यातून वाचणारा आणखी काय अर्थ काढेल, हे आधीच तपासून घ्यावं लागतं.

दुसरं नेहमीचं कलम: ‘परीक्षानळी तापवताना तिचं तोंड स्वतःकडे अथवा इतरांकडे नसावं.’ नळीच्या बुडाशी एकाच जागी ज्योत लागली की, तिथलं द्रव उकळणबिंदूच्या वर जाऊनही शांत राहतं आणि मग एकदम उसळून बाहेर फेकलं जातं. म्हणून नळी तिरपी धरून सतत हलवत तापवायची आणि तोंड माणसांपासून दूर ठेवायचं. अमोनियमची चाचणी घेताना नळीत सोडियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे उसळणारं द्रव उकळतं कॉस्टिक असतं. पण बॅच भरलेली असताना एका टेबलाच्या दोन्ही बाजूंना मुलं समोरासमोर उभी असतात. समोर मित्र, डावी-उजवीकडे शेजारी, मागे दुसरं टेबल. ‘इतरांकडे नसावं’ हे ठीक, पण मग नेमकं कुठे? छापील फलक याचं उत्तर देऊ शकत नाही, कारण छापणाऱ्याने ती खोली पाहिलेली नसते. तुमच्या प्रयोगशाळेत खिडकीची बाजू मोकळी असेल तर ‘गरम नळीचं तोंड खिडकीकडे’ असं लिहा. फळ्याकडची बाजू मोकळी असेल तर फळ्याकडे. आणि कोणतीच बाजू मोकळी नसेल तर तो प्रश्न फलकाचा राहत नाही. त्या दिवशी नळ्या तापवण्यासाठी भिंतीलगतचा ओटा राखून ठेवावा लागेल. मला तर वाटतं, बाजारातून आणलेल्या चकचकीत फलकापेक्षा स्वतःच्या खोलीचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवून हाताने लिहिलेला पुठ्ठा कितीतरी उपयोगाचा.

तिसरं कलम पिपेटचं. बारावीत ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन असतं. ऑक्झॅलिक ॲसिडचं द्रावण पिपेटने मोजून फ्लास्कमध्ये घ्यायचं. अनेक ठिकाणी अजूनही पिपेट तोंडात धरून ओढतात, कारण तसं ‘पटकन होतं’. ओढताना नजर वरच्या खुणेवर असते. बीकरमधलं द्रावण संपत आलं आणि पिपेटचं टोक क्षणभर वर आलं की, हवा आत शिरते आणि आतलं द्रावण झटक्यात वर, थेट जिभेवर येतं. ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे, ते मूत्रपिंडांना इजा करतं. फलकावर ‘पिपेट तोंडात नाही, रबर बल्ब लावा’ एवढं लिहिणं सोपं आहे. पण बॅचमध्ये जितक्या पिपेट तितके बल्ब टेबलावर आहेत का? नसतील तर ही ओळ मुलांना पहिल्याच दिवशी शिकवते की, भिंतीवर लिहिलेलं असतं ते पाळायचं नसतं. मग शेजारच्या गॉगलच्या ओळीचीही किंमत जाते. जो नियम पाळण्याची सोय नाही तो फलकावर घेऊ नये. आधी बल्ब आणावेत, मग ओळ लिहावी.

वैद्यकीय क्षेत्रात याचा एक नावाजलेला दाखला आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ च्या सुमारास अतिदक्षता विभागातला जंतुसंसर्ग रोखायचं मनावर घेतलं. मोठ्या शिरेत नळी घालताना काय काय काळजी घ्यावी याची जाडजूड मार्गदर्शिका तेव्हा होतीच. त्यांनी त्यातून पाच पायऱ्या निवडल्या: हात धुणं, रोग्याला पूर्ण आच्छादन आणि डॉक्टरांनी निर्जंतुक पोशाख घालणं, क्लोरहेक्झिडीनने त्वचा स्वच्छ करणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं आणि गरज संपताच नळी काढणं. मिशिगन राज्यातल्या शंभरावर अतिदक्षता विभागांत हे राबवलं गेलं आणि संसर्गाचं प्रमाण झपाट्याने उतरलं. तो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. या गोष्टीतली ‘पाच’ ही संख्या सगळ्यांच्या लक्षात राहते, पण तिच्याबरोबर आणखी दोन गोष्टी होत्या. लागणारं सगळं सामान एकाच गाड्यावर ठेवलं होतं, म्हणजे शोधाशोध नको. आणि एखादी पायरी चुकतेय असं दिसलं तर डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार नर्सला दिला होता. आपल्या प्रयोगशाळेत तो अधिकार लॅब अटेंडंटला असतो का? ‘अरे, गॉगल खाली घे’ असं त्यांनी म्हटलं आणि सर-मॅडमनी त्यांची बाजू घेतली, तरच त्या ओळीत जोर येतो.

फलकावर सगळ्यात जास्त जागा द्यावी ती डोळ्यांच्या ओळीला. डोळ्यात रसायन उडाल्यावर पहिलं काम एकच: साधं स्वच्छ पाणी, ताबडतोब, पापण्या बोटांनी उघड्या धरून, सलग १५ मिनिटं. अमेरिकेच्या मानकानुसार डोळे धुण्याची सोय १० सेकंदांत पोहोचता येईल इतकी जवळ हवी आणि ती १५ मिनिटं चालली पाहिजे. ॲसिड उडालं म्हणून डोळ्यात सोडा किंवा कॉस्टिक उडालं म्हणून बोरिक ॲसिड घालत बसण्यात मोलाचा वेळ जातो, वर नवी इजा होऊ शकते. पंधरा मिनिटांचा आग्रह कशासाठी? कॉस्टिक डोळ्याच्या पृष्ठभागावर थांबत नाही, ऊतक विरघळवत आत आत जातं. मिनिट-दोन मिनिटांत जळजळ कमी झाली की मुलाला वाटतं, झालं. आत काम चालूच असतं. म्हणून या ओळीला कारणाचं शेपूट जोडावंच लागतं: ‘जळजळ थांबली तरी.’ सगळ्या नियमांना कारणं जोडली तर फलक पुन्हा लांबेल. जिथे मुलाचं शरीर किंवा अंदाज त्याला उलट सांगणार असतो, तिथेच कारण द्यावं. ॲप्रन सुती हवा यालाही दोन शब्दांचं कारण लागतं, कारण घरात असलेला पॉलिस्टरचा चालेल असंच वाटतं. कृत्रिम धागा पेट घेतल्यावर वितळून कातडीला चिकटतो. २००८ च्या डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हवेत आपोआप पेटणारं रसायन सिरिंजमधून सांडलं. ते हाताळणाऱ्या तरुण संशोधन-साहाय्यिकेच्या अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता, ॲप्रन नव्हता. जानेवारीत तिचा मृत्यू झाला.

डोळ्यांच्या ओळीत आणखी एक बारकावा आहे. ज्याच्या डोळ्यात उडालं त्याला फलक दिसतच नाही. डोळे गच्च मिटलेले असतात आणि तो जागच्या जागी घाबरून उभा राहतो. म्हणजे ही सूचना त्याच्यासाठी नव्हे, शेजाऱ्यासाठी लिहायची. शेजाऱ्याने हात धरून नळापाशी न्यायचं, तिसऱ्याने सरांना हाक मारायची.

हे सगळं जमवून आमच्यासारख्या खिडकीची बाजू मोकळी असलेल्या प्रयोगशाळेसाठी फलक असा होतो. ओळींचा क्रम महत्त्वानुसार न लावता मूल चालत जातं त्या वाटेने लावला आहे.

दारात
केस बांधा, ओढणी खोचा, बंद बूट घाला.
ॲप्रन सुती, बटणं लावलेला. पॉलिस्टर वितळून चिकटतं.

टेबलापाशी
गॉगल डोळ्यावर, कपाळावर नाही.
पिपेट तोंडात नाही. रबर बल्ब लावा.
गरम नळीचं तोंड खिडकीकडे.

सिंकपाशी
ॲसिडची नळी आधी थंड. मग पाण्याच्या बादलीत रिकामी.
अंगावर सांडलं? लगेच नळाखाली, भरपूर पाणी.
मित्राच्या डोळ्यात उडालं? हात धरून नळावर न्या. १५ मिनिटं, जळजळ थांबली तरी. सरांना हाक मारा.

एकाच कागदावर हे लावण्यापेक्षा तीन तुकडे करून ज्याच्या त्याच्या जागी लावलेले बरे. तीन मीटरवरून सहज वाचता यावं यासाठी अक्षराची उंची साधारण अडीच सेंटिमीटर हवी. मात्रा-वेलांट्या एकमेकींत घुसू नयेत म्हणून दोन ओळींत मोकळी जागा ठेवावी. चकचकीत लॅमिनेशनवर खिडकीचा उजेड पडला की काही दिसत नाही, त्यामुळे मॅट कागद घ्यावा. विज्ञानाचा अभ्यास इंग्रजीत चालत असला तरी मुलं टेबलापाशी ज्या भाषेत बोलतात तीच फलकाची भाषा असावी. वर्गात उर्दू किंवा हिंदी बोलणारी मुलं बरीच असतील तर त्यांच्या भाषेतला फलकही शेजारी हवा.

फलक कामाचा आहे का, हे ‘वाचलास का?’ विचारून कळत नाही. मुलं हो म्हणतात. त्यापेक्षा कागद झाकून एखाद्या मुलाला सांगावं, ‘तुझ्या मित्राच्या डोळ्यात कॉस्टिक उडालं आहे, काय करशील ते करून दाखव.’ तो सरांना शोधायला बाहेर पळाला, तर ती ओळ पोहोचलेली नाही. ती बदलावी लागेल. सॉल्ट ॲनालिसिसच्या दिवशी सिंकपाशी उभं राहून किती नळ्या गरम येतात ते बघावं. दिवाळीच्या सुट्टीनंतर हीच परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण रोज दिसणारा कागद काही आठवड्यांनी दिसेनासा होतो. त्या दिवसाच्या प्रयोगाला लागू असलेली एकच ओळ शिक्षकांनी सुरुवातीला बोट दाखवून मोठ्याने वाचली तर तो पुन्हा दिसू लागतो.

डोळे धुण्याचं खास यंत्र बहुतेक महाविद्यालयांना परवडत नाही. सिंकच्या नळाला मऊ रबरी नळी जोडून प्रवाह हलका ठेवला तरी काम भागतं. मिनिटाला दीड लिटर धरलं तर पंधरा मिनिटांना साडेबावीस लिटर पाणी लागतं, ते फार नाही. पण प्रॅक्टिकल दुपारी असतं आणि गच्चीवरची टाकी पुष्कळदा तेव्हाच कोरडी पडलेली असते. शिक्षक आणि मुख्याध्यापकांना म्हणून एक विनंती आहे. फलक छापायला देण्याआधी एखाद्या दुपारी प्रयोगशाळेतला नळ उघडा आणि तो सलग पंधरा मिनिटं चालतो का, ते घड्याळ लावून बघा.